बिजागरी सहा इंची, तरी दार उतरलं

प्रतिक्रिया: "तुमचा जड दारांवरचा लेख वाचून चार इंची बिजागऱ्या काढल्या आणि सहा इंची स्टीलच्या चार लावल्या. दार सागवानी, सात फूट बाय साडेतीन फूट, 40 मि.मी. जाड. तीन महिन्यांत कुलपाकडचा खालचा कोपरा परत फरशीला घासायला लागला. पैसे गेले ते गेले, वर दाराला नव्या खाचा पडल्या. ज्यातलं नीट कळत नाही त्यावर लिहू नये."

चिडलात ते बरोबरच आहे. त्या लेखात मी आकारावर तीन परिच्छेद लिहिले आणि स्क्रूंवर अर्धी ओळ. वाचणारा दुकानात जाऊन मोठी बिजागरीच मागणार. तुमचं दार मी पाहिलेलं नाही, पण मापं दिलीत त्यावरून बरंच सांगता येतं.

एवढं सागवानी दार कुलूप-कड्यांसकट 60 किलोच्या आसपास भरतं. हे वजन बिजागरीला नुसतं खाली ओढत नाही. दाराचा भार रुंदीच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून पावणेदोन फुटांवर असतो. वरच्या आणि खालच्या बिजागरीत साडेपाच फूट अंतर धरा. 60 गुणिले पावणेदोन भागिले साडेपाच, म्हणजे साधारण 19 किलो. एवढ्या जोराने वरची बिजागरी चौकटीतून बाहेर, आडवी खेचली जात असते. खालची उलट चौकटीवर दाबली जाते, तिची काळजी नसते. दार उतरतं ते जवळजवळ नेहमी वरच्या बिजागरीपाशी. त्यात घरातलं 20 किलोचं पोर कडीला धरून झोके घेत असेल तर आणखी 12 किलो वाढले. आमच्याकडे दोघं घेतात.

आता हा ओढा अडवतं कोण? बिजागरीचा पत्रा नाही. चार इंची पत्राही 19 किलोला वाकत नाही. अडवतात वरच्या बिजागरीचे स्क्रू आणि त्यांच्याभोवतीचं लाकूड. मला शंका आहे ती तिथेच. सहा इंची पट्टी जुन्या चार इंचीच्या जागी बसवली की नवी भोकं जुन्या भोकांच्या शेजारी, काही तर अर्धी त्यांच्यातच पडतात. स्क्रू एका बाजूने लाकडात आणि दुसऱ्या बाजूने पोकळीत. शिवाय बिजागरीच्या पाकिटात येणारे स्क्रू बहुतेक वेळा इंचभराचे असतात.

मावशीच्या चिपळूणच्या घरी अगदी हेच झालं होतं. वरच्या बिजागरीच्या स्क्रूला मी स्क्रूड्रायव्हर टेकवायच्या आधीच तो बोटांनी फिरला. बाहेर काढला तर आट्यांमध्ये पिठासारखा भुसा भरलेला आणि भोक आतून गुळगुळीत. सुताराने स्क्रू हातोडीने ठोकला होता आणि शेवटचे दोनच आटे फिरवले होते. असं करताना सर्रास दिसतं. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू तोडत आत जातो, मग आट्यांना धरायला काही उरत नाही. असा स्क्रू म्हणजे महागडा खिळा.

म्हणून आधी एक तपासणी करा, पाच मिनिटांचं काम आहे. दार अर्धं उघडा. कोणाला तरी कडीच्या बाजूने दार हलकेच वर उचलायला आणि सोडायला सांगा, आणि तुम्ही वरच्या बिजागरीकडे बघत राहा. पट्टी आणि लाकूड यांच्यात फट उघडझाप करत असेल तर स्क्रू गेले. पट्ट्या जागेवर आणि पिनेभोवती हालचाल दिसत असेल तर बिजागरी झिजली आहे. तीन महिन्यांत असं होऊ नये, झालं असेल तर बिजागरीच हलकी होती. पट्टीसकट चौकट भिंतीपासून हलत असेल तर गवंड्याचं काम आहे, सुताराचं नाही.

आणि काहीच हलत नसेल तर? मग दाराचे दोन्ही कर्ण मोजा. मापं वेगळी आली तर दाराचेच सांधे सुटलेत, आणि जगातली कुठलीही बिजागरी ते सरळ करणार नाही. इथेही वरचाच हिशोब कामी येतो. वरची बिजागरी 3 मि.मी. बाहेर आली असेल तर कडीकडचा कोपरा जेमतेम 2 मि.मी. उतरतो. तुमचा कोपरा त्याहून बराच जास्त उतरला असेल तर उरलेलं दुसरीकडून येतंय. पावसात लाकूड फुगल्यामुळे दार अडकतं ते वेगळं. तेव्हा कडीकडची सगळी कड वरपासून खालपर्यंत सारखी घासते, आणि बिजागरीकडची फट वर रुंदावलेली नसते. ते बघितल्याशिवाय रंधा मारू नका. हिवाळ्यात तिथून उजेड येतो.

स्क्रू गेले असतील तर जुन्या भोकात आगकाड्या आणि गोंद कोंबू नका, त्याने वर्ष निघतं. भोक 10 मि.मी. ड्रिलने साफ करून सागाचा तुकडा गोंदाने बसवा. मात्र तुकड्याचे तंतू दाराच्या उंचीच्या दिशेने राहिले पाहिजेत. बाजारातली गोल काठी कापून ठोकली तर तिचे तंतू भोकाच्या दिशेने जातात आणि स्क्रू तंतूंच्या टोकांत घुसतो, तिथे पकड कमी असते. गोंद रात्रभर वाळू द्या. मग 10 नंबरचे, दोन इंची स्टीलचे स्क्रू, आधी 3 मि.मी.चं भोक पाडून आणि आट्यांना साबण चोळून, शेवटपर्यंत फिरवून बसवा. पितळी स्क्रू हवेतच असं असेल तर त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू आधी एकदा फिरवून काढा, नाहीतर सागात पितळी स्क्रूची मान मोडते.

आता बिजागरी. तुमच्या दाराला मी पाच इंची, 3 मि.मी. पत्र्याच्या, बेअरिंगच्या तीन घेईन. तीन फुटांहून रुंद दाराला पाच इंच हे रूढ माप आहे, सहाची गरज नाही. पट्टीची रुंदी दाराच्या जाडीत बघा. पट्टी बसल्यावर पलीकडच्या कडेला 5-6 मि.मी. लाकूड शिल्लक राहायला हवं, नाहीतर कडेचे स्क्रू लाकूड चिरतात. मुख्य दार दिवसभर उघडझाप होतं म्हणून बेअरिंग. कोठीच्या दाराला मी साधी पितळी लावली असती.

तिसरी कुठे, हे मी लिहिलंच नव्हतं. सगळे बरोबर मध्यावर लावतात. तिथे ती दार वाकू देत नाही, पण वरच्या बिजागरीवरचा ओढा 19 वरून फार तर 15 किलोवर आणते. तीच वरच्या बिजागरीखाली दहा इंचांवर लावली तर ओढा 11 च्या आसपास येतो.

चौथी मात्र काढा. सगळ्या पिना एका ओळीत असल्या तरच दार मोकळं फिरतं. एक जरी 2 मि.मी. बाहेर असली तर दार फिरताना प्रत्येक वेळी स्क्रू थोडे थोडे उपटतं. ओळखायचं कसं? दार पूर्ण लावून हात सोडा. ते आपोआप थोडं उघडत असेल तर पट्ट्यांवर ताण आहे. पिनांवर सरळ पट्टी धरली की कुठली चुकली ते दिसतं. त्या बिजागरीची खाच पटाशीने खोल करा, किंवा मागे पुठ्ठा द्या.

चौथीच्या खाचेत सागाची पट्टी चिकटवून रंधा मारा. पॉलिश केल्यावर जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसणार नाही. तुम्हाला मात्र रोज दिसेल, त्याला माझ्याकडे उपाय नाही. उचलून बघितल्यावर काय हललं ते इथेच लिहा.