कोरा चहा, दुधाचा चहा आणि मुतखडा: एका संदेशाला उत्तर

«दुधाच्या चहातल्या कॅल्शियममुळे मुतखडा होतो. कोरा चहा कितीही प्या, ते पाणीच आहे. उलट लघवी जास्त होऊन खडा वाहून जातो.»

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा संदेश बरेच दिवस फिरतो आहे. त्यातले पहिलेच वाक्य सर्वांत चुकीचे असल्यामुळे सुरुवात तिथूनच करणे योग्य.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात, हे खरे. नावात कॅल्शियम आधी येत असल्यामुळे दोष दुधाकडे जातो, पण आतड्यात घडते ते उलटे. अन्नातले कॅल्शियम चहा-पालकासारख्या पदार्थांतून येणाऱ्या ऑक्सलेटला तिथेच पकडते, दोघांचे न विरघळणारे संयुग बनते आणि ते शौचावाटे निघून जाते. कॅल्शियम कमी पडले, तर मोकळे राहिलेले ऑक्सलेट रक्तात शिरते आणि मूत्रपिंडातून लघवीत उतरते. हिशेब करून पाहता येतो. कडक चहाच्या एका मोठ्या पेल्यातले 20 मिलिग्रॅम ऑक्सलेट बांधायला रासायनिक गणिताने सुमारे 9 मिलिग्रॅम कॅल्शियम पुरते, आणि 50 मिलिलिटर दुधात ते साधारण 60 मिलिग्रॅम असते. प्रत्यक्षात सगळे ऑक्सलेट बांधले जात नाही, तरी दुधाचा चहा या बाबतीत कोऱ्यापेक्षा सुरक्षित ठरतो. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर पाच वर्षे झालेला आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग हेच सांगतो: कॅल्शियम तोडलेल्या आहारापेक्षा, कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या आहारावर खडे कमी परतले. त्यामुळे खड्याच्या भीतीने दूध-ताक सोडणारा माणूस स्वतःचेच नुकसान करतो. (साखरेने गच्च कुंदा हा मात्र कॅल्शियमचा सल्ला म्हणून कुणी धरू नये.)

आता «कितीही» या शब्दाकडे येऊ. काळ्या चहाच्या पत्तीत दर ग्रॅममागे साधारण 5 मिलिग्रॅम विरघळणारे ऑक्सलेट असते. पत्ती जास्त आणि उकळी लांब, तितके ते पाण्यात अधिक उतरते. समजा, वडगावातला एक यंत्रमाग कामगार रात्रपाळीत झोप उडावी म्हणून 4 ग्रॅम पत्तीचा कडक कोरा चहा मोठ्या पेल्यातून पितो आणि पाळी संपेपर्यंत असे दहा पेले होतात. हिशेबाने जवळजवळ 200 मिलिग्रॅम ऑक्सलेट केवळ चहातून पोटात जाते, आणि तेही बहुधा रिकाम्या पोटी, म्हणजे बांधून ठेवायला कॅल्शियम नसताना. त्यात भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि पालकाची भाजी आली की आकडा आणखी वाढतो. शंभर ग्रॅम पालकात तर एकट्यात कित्येक शे मिलिग्रॅम असते. त्यामुळे दोन-तीन कप चहा पिणाऱ्याने घाबरायचे कारण नाही. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणींमध्ये नेहमीच्या प्रमाणात चहा पिणाऱ्यांत खड्याचा धोका वाढलेला नव्हे, काहीसा कमीच आढळला होता. प्रश्न कडकपणाचा, प्रमाणाचा आणि त्या माणसाच्या प्रकृतीचा आहे.

ज्यांना एकदा खडा होऊन गेला आहे, ज्यांच्या घरात आई-वडिलांना किंवा भावंडांना खडे झाले आहेत, ज्यांचे आतड्याचे ऑपरेशन झाले आहे किंवा दीर्घकाळ जुलाब आहेत, त्यांच्यासाठी तोच दहा पेल्यांचा चहा वेगळा असतो. आतड्यात स्निग्ध पदार्थ नीट शोषले गेले नाहीत तर ते कॅल्शियमला अडकवतात, आणि ऑक्सलेट मोकळे सुटते.

पाण्याबद्दलचे विधान अर्धे बरोबर आहे. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, आणि चहातले पाणीही त्यात मोजले जाते. पण द्रव वाढला म्हणून त्यातून आलेले ऑक्सलेट नाहीसे होत नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या 56 वर्षांच्या एका गृहस्थांची हकीकत 2015 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. ते रोज सुमारे 16 ग्लास, म्हणजे जवळपास चार लिटर, थंड काळा चहा पीत. त्यांच्या मूत्रपिंडात ऑक्सलेटचे स्फटिक साचले, मूत्रपिंडे निकामी झाली आणि डायलिसिस करावे लागले. हे टोकाचे उदाहरण आहे, खड्याचेही नाही; पण भरपूर द्रव घेतला म्हणजे ऑक्सलेटचा उपद्रव टळतो, ही समजूत त्याने खोडली जाते. कोऱ्या चहात लिंबू पिळले तर त्यातले सायट्रेट लघवीत कॅल्शियमला धरते, एवढा फायदा आहे. तरी पत्तीतले ऑक्सलेट त्याने कमी होत नाही.

अडकलेला खडा चहाने वाहून जातो की नाही, हे मुख्यतः त्याच्या आकारावर ठरते. लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, मोठे अडकून राहतात. ज्याला खडा पडला असेल त्याने लघवी बारीक गाळणीतून गाळून तो तुकडा कोरड्या डबीत ठेवावा आणि तपासणीला द्यावा. तो युरिक आम्लाचा निघाला तर चहाची पत्ती मोजून उपयोग नाही. ऑक्सलेटचा निघाला, तर चोवीस तासांची लघवी गोळा करून ऑक्सलेट, कॅल्शियम आणि सायट्रेट मोजता येते. ऑक्सलेट दिवसाला साधारण 40 ते 45 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर पेले कमी करावेत, पत्ती अर्ध्यावर आणावी, उरलेल्या चहात दूध घालावे आणि काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करून घ्यावी.