‘कोण बोलतंय?’ विचारण्यात उद्धटपणा कसला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया: “अनोळखी नंबरवरून फोन आला की समोरच्याचं नाव न दुखावता कसं विचारावं, हा तुमचा लेख वाचला. ‘कोण बोलतंय’ या दोन शब्दांसाठी एवढं मखर कशाला? फोन त्याने केलाय, नाव सांगणं त्याचं काम. शिवाय हल्ली फसवणुकीचे फोन इतके येतात की गोड बोलणारा आधी फसतो. मी तर सरळ विचारते, कोणाला राग आला तर येऊ दे.”

नाव सांगणं फोन करणाऱ्याचंच काम, हे शंभर टक्के मान्य. पण आपल्याकडे ते काम किती जण करतात? कुरिअरवाला ‘मॅडम, खाली या’ म्हणतो आणि सासरचे काका ‘अगं, जेवलीस का?’ इथून सुरुवात करतात. तुमचा प्रश्न या दोघांनाही त्याच सुरात जातो, आणि कुरिअरवाल्याला त्याचं काहीच वाटत नाही. काका मात्र पुढच्या लग्नात चारचौघांत ऐकवतात, ‘सूनबाईंनी आम्हाला ओळखलं नाही हो!’

‘कोण बोलतंय?’ हे शब्द वाईट नाहीत, त्यांची वेळ चुकते. ‘हॅलो’ला लागूनच ते आले की दारात हटकल्यासारखे वाटतात. म्हणून ‘हॅलो, हां बोला’ म्हणून दोन क्षण थांबायचं. पुष्कळ लोक तेवढ्यात आपणहून नाव सांगतात. नाही सांगितलं आणि थेट विषयालाच हात घातला, तर पहिलं वाक्य संपताच विचारायचं: ‘एक मिनिट हं, हा नंबर माझ्याकडे सेव्ह नाहीये. आपण कोण बोलताय?’ नंबर नसण्याचं कारण आधी आलं की प्रश्न फोनच्या यादीबद्दल होतो, माणसाबद्दल राहत नाही. यात खोटंही काही नाही, नंबर खरंच सेव्ह नसतो. मात्र हे लगेच विचारावं. चार मिनिटं ‘हो ना, हो ना’ करून मग ‘पण आपण कोण?’ म्हणणं याच्याइतकं अपमानास्पद दुसरं काही नाही.

राहिलेला राग बहुतेक वेळा प्रश्नाचा नसतोच. समोरच्याने नाव सांगितल्यावर आपण नुसतं ‘हं’ करतो, त्याचा असतो. ‘अरे काका, नमस्कार! नवीन नंबर घेतला वाटतं?’ एवढं आलं की आधीचा प्रश्न कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता गोड बोलणारा फसतो, या मुद्द्याकडे येते, कारण तिथे मला तुमच्याशी वाद घालायचाय. गोड बोलल्यामुळे कोणी फसत नाही. भिडेपोटी नाव न विचारता अंदाज करायला गेलं की फसतं. फोन असा येतो:

‘हॅलो मावशी, ओळखलंत का?’
‘आवाज ओळखीचा वाटतोय…’
‘बघा, विसरलात ना आम्हाला!’
‘अगंबाई, सुनील का?’
‘हो, सुनीलच! मावशी, जरा अडचणीत आहे…’

सुनील हे नाव मावशींनीच पुरवलं. त्याला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पुढे अपघात, हॉस्पिटल, ‘जीपे चालत नाहीये, या दुसऱ्या नंबरवर टाका’ हे ठरलेलं असतं. इथे खेकसायची गरज नाही. ‘नाही बाई, आवाजावरून मला ओळखता येत नाही, तुम्हीच सांगा’ असं हसत म्हणायचं आणि गप्प बसायचं. खरा भाचा ‘अहो मावशी, मी अमुक’ म्हणून मोकळा होतो. खोटा पुन्हा ‘ओळखा ना’वर येतो किंवा फोन ठेवतो. त्याने भाच्याचंच नाव सांगितलं आणि लगोलग पैशांची गोष्ट काढली, तर ‘ठेव, मी तुला तुझ्या नेहमीच्या नंबरवर करते’ म्हणावं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे समोरूनच ‘कोण बोलतंय?’ असा प्रश्न येणं. फोन त्याचा आणि चौकशी आपली! अशा वेळी आपलं नाव सांगून टाकू नये. ‘आपल्याला कोण हवंय?’ असं विचारावं. राँग नंबर असेल तर तिथेच मिटतं.

बँकेचं नाव सांगणाऱ्याला मात्र कोण आहे हे विचारून फारसा उपयोग नाही, तो नाव, हुद्दा, शाखा सगळं धडाधड सांगतो. तिथे नंबरच बघावा. बँकांच्या सेवा-व्यवहाराच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत, जाहिरातीच्या कॉलसाठी १४० चे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ आलं, तर ‘बरं, मी कार्डामागच्या नंबरवर करून विचारते’ म्हणून ठेवून द्यावा.

तुमचे दोन शब्द तुम्ही जरूर वापरा, माझी हरकत नाही. फक्त ‘हॅलो’नंतर एक श्वास घ्या आणि काकांचा नंबर तेवढा आजच सेव्ह करा.