अनुच्छेद ९ आणि कलम ९

गेल्या रविवारी कराडला प्रीतिसंगमावर आम्ही चार-पाच निवृत्त माणसे बसलो होतो. माझी नोकरीची बरीच वर्षे निवडणूक शाखेत मतदार याद्या करण्यात गेली, त्यामुळे असले प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मुलाने २०२२ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. गावच्या मतदार यादीत मात्र त्याचे नाव अजून आहे, आणि गेल्या वेळी सुट्टीवर आलेला असताना तो मतदानाला जाणार होता. कोणी तरी वेळीच अडवले म्हणून बरे. नानांचे म्हणणे असे, की दोन देशांचे नागरिकत्व चालत नाही हे घटनेतच लिहिले आहे, पण मुलाने इथले नागरिकत्व सोडल्याचा अर्ज कुठे दिला आहे? अर्ज दिलेला नाही, म्हणजे तो अजून भारतीयच.

नानांच्या या एका वाक्यात दोन गोष्टींची गल्लत आहे, आणि ती मी शिकल्यासवरल्या माणसांतही नेहमी पाहतो. तिच्या मुळाशी एक गमतीचा योगायोग आहे. राज्यघटनेतल्या तरतुदीला आपण अनुच्छेद म्हणतो आणि कायद्यातल्या तरतुदीला कलम. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर भारताचे जाते, ही गोष्ट राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ मध्येही आहे आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ मध्येही आहे. आकडा एकच असला, तरी त्यांची कामे वेगळी आहेत.

राज्यघटनेचा दुसरा भाग म्हणजे अनुच्छेद ५ ते ११. यांतले ५ ते ९ हे अनुच्छेद २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाले. घटनेचा मोठा भाग पुढे २६ जानेवारी १९५० ला अमलात आला. प्रजासत्ताक सुरू होण्याआधी त्याचे नागरिक कोण हे ठरलेले असणे भाग होते, म्हणून ही घाई. पण ते ठरवले गेले एका दिवसापुरते. राज्यघटनेच्या प्रारंभी नागरिक कोण, एवढाच प्रश्न या भागाने घेतला. ज्याचे कायमचे वास्तव्य भारताच्या राज्यक्षेत्रात आहे आणि जो इथे जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एक इथे जन्मला, किंवा जो आधीची निदान पाच वर्षे इथे सामान्यतः राहत होता, तो नागरिक. नानांचे वडील १९३२ साली सांगली संस्थानात जन्मले. त्या काळी संस्थानी प्रजा आणि ब्रिटिश प्रजा यांत फरक होता. अनुच्छेद ५ ने तो शिल्लकच ठेवला नाही, कारण संस्थान तोवर भारताच्या राज्यक्षेत्रात आलेले होते.

अनुच्छेद ९ ही त्याच दिवसाची तरतूद आहे. ज्याने परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले आहे, त्याला अनुच्छेद ५, ६ किंवा ८ यांच्या आधारे नागरिक म्हणता येणार नाही, एवढेच ती सांगते. २०२२ मध्ये न्यू जर्सीत कोणी शपथ घेतली तर काय, हे ती सांगत नाही. पुढचे सगळे अनुच्छेद ११ ने संसदेकडे सोपवले: नागरिकत्व मिळणे, जाणे आणि त्याच्याशी संबंधित सर्व बाबी. ऑगस्ट १९४९ मध्ये हा विषय संविधान सभेत आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट सांगितले होते, की नागरिकत्वाचा कायमचा कायदा करणे हा या तरतुदीचा हेतू नाही, तो संसद करील. मसुदा समितीला या अनुच्छेदाने डोकेदुखी दिल्याचेही त्यांनी त्याच भाषणात मान्य केले आहे.

याचा एक परिणाम क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो. नागरिकत्व कायदा ३० डिसेंबर १९५५ ला अमलात आला. म्हणजे १९५२ साली साताऱ्यात जन्मलेले मूल राज्यघटनेप्रमाणे पाहिले तर नागरिक ठरत नव्हते, कारण राज्यघटना प्रारंभाच्या दिवशी थांबली होती, आणि कायदा तर अजून झालाच नव्हता. जवळजवळ सहा वर्षांची ती पोकळी संसदेने मागे जाऊन भरली. जन्माने मिळणारे नागरिकत्व कलम ३ ने २६ जानेवारी १९५० पासून धरले, आणि त्या मधल्या काळात कोणी परदेशाचे नागरिकत्व घेतले असेल तर त्याचेही भारतीय नागरिकत्व गेले, असे कलम ९ मध्ये लिहिले.

आता नानांच्या घरात या. वडिलांचे नागरिकत्व राज्यघटनेने दिले. स्वतः नाना १९५८ साली कराडला जन्मले. त्या काळच्या नियमाने भारतात जन्म एवढे पुरेसे होते, आईबाप कोण हे पाहायचे कारण नव्हते. मुलगा १९८८ चा. १ जुलै १९८७ पासून नियम बदलला आणि आई किंवा वडील यांपैकी एक तरी नागरिक असणे आवश्यक झाले. म्हणून मुलाचे नागरिकत्व सिद्ध करायचे तर नानांचाही पुरावा लागतो. नात २०१४ साली साताऱ्यात जन्मली. ३ डिसेंबर २००४ पासून दोन्ही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. तीही अट पूर्ण होती. चार पिढ्या, चार वेगळे नियम, आणि त्यांतला राज्यघटनेतला एकच. बाकीचे तीन संसदेने साध्या बहुमताने केले आणि बदलले. कायद्यातला हा बदल जुन्या जन्मांना लागू होत नाही, म्हणून जन्मतारीख हा या विषयातला पहिला प्रश्न असतो.

नागरिकत्व जाण्याच्या वाटा कायद्यात तीन आहेत आणि त्यांची नावे एकमेकांत मिसळू नयेत. कलम ८ म्हणजे आपण होऊन त्याग करणे. त्यासाठी घोषणापत्र द्यावे लागते आणि ते नोंदले जावे लागते. कलम १० म्हणजे सरकारने काढून घेणे. ते मुख्यतः नोंदणीने किंवा देशीयकरणाने झालेल्या नागरिकांसाठी आहे, जन्माने नागरिक असलेल्याला लागू होत नाही. कलम ९ म्हणजे आपोआप समाप्त होणे. अर्ज नाही, आदेश नाही, नोटीस नाही. मुलाने शपथ घेतली त्या क्षणी त्याचे भारतीय नागरिकत्व संपले. पुढे पासपोर्ट परत करून घ्यायचे प्रमाणपत्र ही नंतरची कागदपत्रे. ती केली नाहीत म्हणून नागरिकत्व टिकत नाही. उलट तो जुना पासपोर्ट वापरणे हा वेगळा गुन्हा होतो. परदेशी नागरिकत्व घेतले की नाही यावर वाद झाला, तर निर्णय केंद्र सरकारचा, आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवला असेल तर तो निर्णायक पुरावा धरण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच वैध ठरवला आहे.

मला खरी अडचण वाटते ती मुलांच्या बाबतीत. आईवडिलांनी कलम ८ खाली त्याग केला तर अज्ञान मुलाचेही नागरिकत्व जाते, पण सज्ञान झाल्यापासून वर्षाच्या आत घोषणापत्र देऊन ते परत मिळवता येते. कलम ९ मुलांबद्दल एक शब्द बोलत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सिंगापूरचे असेच प्रकरण होते. आईवडिलांनी डिसेंबर १९९८ मध्ये तिथले नागरिकत्व घेतले तेव्हा मूल पोटात होते आणि मार्च १९९९ मध्ये तिथेच जन्मले. सज्ञान झाल्यावर त्याने भारतीय नागरिकत्व परत मागितले आणि मद्रास उच्च न्यायालयाने ते मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आईवडिलांचे नागरिकत्व कलम ८ च्या त्यागाने नव्हे, कलम ९ ने संपले होते, म्हणून कलम ८ ची परतीची वाट या मुलाला नाही. आजीआजोबा भारतात जन्मले म्हणून अनुच्छेद ८ लावावा, हेही न्यायालयाने मानले नाही, कारण राज्यघटना लागू झाल्यानंतर परदेशात जन्मलेल्याला तो ओढून लावता येत नाही. आदल्याच दिवशी, आसामविषयीच्या कलम ६अ च्या निकालात, न्यायालयाने पाकिस्तानातून आलेल्या आणि तिकडे गेलेल्या लोकांविषयीच्या अनुच्छेद ६ आणि ७ यांबद्दलही जवळपास हीच सीमारेषा सांगितली होती.

कायद्याचे शब्द पाहता सिंगापूरचा निकाल मला बरोबर वाटतो. तरीही नानांच्या नातीकडे पाहून मन स्वस्थ बसत नाही. तिच्या धाकट्या भावाचा प्रश्न नाही. तो २०२३ साली तिकडे जन्मला, तेव्हा आईवडिलांपैकी कोणीच भारतीय नागरिक नव्हते, त्यामुळे तो कधीच भारतीय झाला नाही. नात मात्र जन्माने भारतीय. आईवडिलांच्या पाठोपाठ ती तिथल्या कायद्यानेच अमेरिकन झाली. आपल्या कलम ९ मध्ये ‘स्वेच्छेने’ असा शब्द आहे, आणि आठ वर्षांच्या मुलीची स्वेच्छा कुठून आणायची? कलम ८ मध्ये संसदेने मुलांचा विचार केला, कलम ९ मध्ये केला नाही. आईबापांनी अर्ज भरून नागरिकत्व सोडले की शपथ घेऊन गमावले, यावर मुलाची परतीची वाट अवलंबून ठेवण्यात मला काही तत्त्व दिसत नाही. ही दुरुस्ती राज्यघटनेला हात न लावता, साध्या कायद्याने होण्यासारखी आहे.

मुलापुरते सांगायचे तर त्याची वाट पूर्ण बंद नाही. तो पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक होता, म्हणून अर्जाआधी बारा महिने इथे राहून कलम ५ खाली नोंदणी मागता येते. अर्थात तिकडचे नागरिकत्व सोडावे लागेल. त्याच्याकडे आज जे ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड आहे, त्याच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द असला, तरी ते नागरिकत्व नाही. त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. नानांची कोयनाकाठची जमीन वारसाने आली तर गोष्ट वेगळी.

राहिली मतदार यादी. नानांनी मला विचारले, की परदेशात राहणाऱ्यांसाठी मतदार नोंदणीचा एक अर्ज असतो ना? असतो, नमुना ६अ. पण तो परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी आहे, आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही असे त्यात लिहून द्यावे लागते. मुलाचे नाव काढायचे तर नमुना ७. तो मी त्यांना तिथेच बाकावर बसून मोबाइलवर उघडून दाखवला. नाना बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “पोराला आधी फोन करतो, मग भरू.”