लाल ठिपके बेसनाचे नाहीत, सोड्याचे आहेत

"फरसाणवाल्यासारखा जाळीदार ढोकळा आता घरी! एक वाटी बेसनाला 2 पाकिटं इनो आणि चमचाभर खायचा सोडा घाला. दही जितकं आंबट तितकी जाळी जास्त. इनो घातल्यावर पीठ अर्धा तास झाकून ठेवा, मगच फुगतं. मंद आचेवर पाऊण तास वाफवा. आणि ढोकळ्यावर लाल ठिपके आले तर समजा, बेसन भेसळीचं आहे!! सर्वांना पाठवा."

हे ठाण्यातल्या निदान चार ग्रुपांवर फिरून कोपरीत माझ्या मावशीकडे पोचलं. तिने शब्दन् शब्द पाळला. ढोकळा बसला, वर लाल ठिपके उमटले, आणि मावशी उरलेलं बेसन पिशवीत घालून थेट वाण्याकडे भांडायला गेली. वाण्याचा काडीचाही दोष नव्हता. म्हणून शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते.

ते ठिपके हळदीचे. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. पांढऱ्या शर्टावरचा आमटीचा डाग साबण लावल्यावर लालभडक होतो, तो याच कारणाने. पूर्वी कुंकू करायचे तेही हळदीला चुन्यासारख्या क्षाराची पुटं देऊन. खायचा सोडा क्षारच आहे. तो पिठात नीट विरघळला नाही, तर जिथे त्याचा कण पडला तिथे हळद लाल होते आणि ठिपका दिसतो. सोडा विरघळला पण प्रमाणाबाहेर असला, तर ठिपके न येता अख्खा ढोकळाच तांबूस होतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. मावशीच्या ताटलीत दोन्ही होतं.

आता नाइलाजाने मान्य करते, बेसनात भेसळ होते. मेटॅनिल यलो नावाचा पिवळा रंग मिसळल्याची प्रकरणं पूर्वीपासूनची आहेत. पण तो रंग क्षाराने नव्हे, आम्लाने लालसर गुलाबी होतो, आणि तेही तीव्र आम्लाने. म्हणून तपासताना हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. दह्याचा आंबटपणा त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय रंग मिसळलेला असता तर तो सगळ्या पिठात सारखा असता, ठिपक्याठिपक्यांनी कशाला आला असता? हळद न घालता त्याच बेसनाचा ढोकळा करा. ठिपके गेले, तर वाण्याची माफी मागा.

दोन पाकिटं आणि वर सोडा, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. इनोचं, म्हणजे फ्रूट सॉल्टचं, पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा: स्वर्जिकाक्षार आणि निंबुकाम्लम्. म्हणजे खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल. सोडा त्यात आहेच, वर आणखी कशाला? एक वाटी, म्हणजे साधारण 120 ग्रॅम बेसनाला 5 ग्रॅमचं एक पाकीट भरपूर झालं. जास्त घातलं की बुडबुडे मोठे होतात, एकमेकांत मिसळून फुटतात, आणि फुगलेला ढोकळा मधोमध खाली बसतो. त्यात एका पाकिटात सुमारे 800 मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. मावशीच्या घरी काका रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, लोणच्याची फोडसुद्धा मोजून खातात. त्यांच्यापुढे दोन पाकिटं, चमचाभर सोडा आणि वर मीठ असलेला ढोकळा ठेवायचा?

मग ते अर्धा तास झाकून ठेवणं. सोड्याची बाटली उघडून अर्धा तास ठेवली आणि मग ग्लासात ओतली, तर काय उरेल? सोडा आणि सायट्रिक आम्ल कोरडे असेपर्यंत शांत असतात, पाणी लागताच वायू सुटायला लागतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर इनो टाकून बघा, मिनिट-दोन मिनिटांत फसफस संपते. घट्ट पिठात बुडबुडे थोडे जास्त वेळ अडकून राहतात, पण थांबत नाहीत. ढोकळा फुगतो तो हा वायू आत असतानाच वाफेने बेसन शिजून घट्ट झालं तर. वायू आधी निघून गेला की खाली चिकट, ओलसर थर बसतो. मावशीच्या वडीला सुरी लावली तर खालचा निम्मा भाग सुरीलाच चिकटून आला, आणि जाळी म्हणून वर चार भोकं.

पीठ मुरवायचं असतंच, पण फ्रूट सॉल्ट घालायच्या आधी. बेसन, पाव वाटी दही, अंदाजे पाऊण वाटी पाणी, आलं-मिरची, मीठ, थोडी साखर, चमचाभर तेल आणि चिमूटभरच हळद असं कालवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तेवढ्यात बेसन पाणी पितं, गाठी सुटतात. पीठ मुरताना घट्ट होतं, त्यामुळे नंतर परत बघा आणि इडलीच्या पिठाहून जरा सैल करून घ्या. हे पाणी आत्ताच घालायचं, फ्रूट सॉल्टनंतर नाही. तोवर ताटलीला तेल लावून ठेवा आणि स्टीमरमधलं पाणी खळखळ उकळू द्या. हे सगळं तयार झाल्यावरच पाकीट फोडायचं, पिठावर भुरभुरायचं, वर चमचाभर पाणी घालायचं, गुठळी राहणार नाही असं भराभर पण हलक्या हाताने फिरवायचं. पीठ फेसाळून वर आलं की लगेच ताटलीत ओतायचं आणि झाकण लावायचं. इथे फोन आला तरी उचलायचा नाही.

दह्याबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. नुसता सोडा वापरणार असाल तर आंबट दही लागतंच, कारण त्याला दुसरं आम्ल कुठून मिळणार? फ्रूट सॉल्टमध्ये आम्ल आधीच आहे. जो थोडा सोडा उरतो, त्याला कालचं, बेताचं आंबट दही पुरतं. त्याहून आंबट घालून जाळी वाढत नाही, साखर तेवढी वाढवावी लागते. तांदूळ आणि डाळ भिजवून, वाटून, रात्रभर आंबवून करतात तो ढोकळा वेगळा. तिथे आंबवण्यानेच पीठ फुगतं. त्याचे नियम बेसनाला लावू नका.

वाफवायला आच मोठी आणि वेळ बारा ते पंधरा मिनिटं. मंद आचेवर बेसन घट्ट व्हायच्या आधी वायू निघून जातो, आणि पाऊण तासाने जे उरतं ते चिवट होतं. पहिली दहा मिनिटं झाकण उघडू नका. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून वर खड्डे होतात. सुरी मधोमध घालून कोरडी निघाली की गॅस बंद करा आणि पाच मिनिटांनी वड्या पाडा. तरी घास घेतल्यावर तोठरा बसत असेल, तर दोष बहुधा वाफवण्यात नसून फोडणीत असतो. मोहरी-हिंगाच्या फोडणीत अर्धी वाटी पाणी आणि दोन चमचे साखर घालून उकळा, आणि ढोकळा गरम असतानाच ते वड्यांवर सगळीकडून ओता. दहा मिनिटांत ते पाणी जाळीत जिरतं.