चमचाभर विरजणात एवढं आम्ल येतं कुठून?

"दही लावायला जिवाणूबिवाणू काही लागत नाहीत. विरजणाचा आंबटपणा दुधात उतरतो आणि दूध फाटतं, लिंबानंही तेच होतं. दही म्हणजे नासलेलं दूधच, त्यात दुधाची साखर उरतच नाही. आणि रात्री विरजण लावून सकाळी दही लागलं नाही तर समजा, दूध पावडरचं आहे."

दहावीच्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मोबाईलवर हे गेला महिनाभर फिरतंय. मी तासगाव तालुक्यात विज्ञान शिकवते. आमच्या गल्लीत रतीब घालणाऱ्या गवळ्याची दोन घरं यातल्या शेवटच्या वाक्यामुळे तुटली, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

आधी आंबटपणाचा हिशेब करू. वही-पेन घ्या, आकडेमोड सोपी आहे.

घरच्या बेताच्या आंबट दह्यात शंभर ग्रॅमला साधारण ०.९ ग्रॅम लॅक्टिक आम्ल असतं. म्हणजे पाच ग्रॅमच्या लहान चमच्यात ०.०४५ ग्रॅम. आता अर्धा लिटर दूध घट्ट लागायला किती आम्ल लागतं? ढोबळमानानं तीन ग्रॅम. चमच्यातून आलेल्या आम्लाच्या हे साठपट-सत्तरपट झालं. नुसता आंबटपणाच उतरवायचा असता तर अर्ध्या लिटरला चमचाभर दही पुरलं नसतं, तीन-साडेतीनशे ग्रॅम घालावं लागलं असतं. कुणाची आई एवढं विरजण घालते? उरलेलं आम्ल रात्रीतून दुधातच तयार झालं, आणि ते कुणीतरी तयार केलं.

कोणी, हे पाहायला मी डिसेंबरात घरी तीन वाट्या लावल्या. दूध पंढरपुरी म्हशीचं, तापवून कोमट केलेलं, एकाच पातेल्यातलं. पहिल्या वाटीत नेहमीचं विरजण घातलं. दुसऱ्या वाटीसाठी तेवढंच विरजण छोट्या पळीत चांगलं उकळून घेतलं. उकळल्यावर ते फुटलं, दाणे आणि पाणी वेगळं झालं. ते सगळं गार करून दुधात ढवळलं. आंबटपणा दोन्हीकडे सारखाच गेला होता. तिसरीत काहीच घातलं नाही. तिन्ही वाट्या झाकून रात्री साडेआठला तांदळाच्या डब्यात पुरल्या. सकाळी सहाला पहिली वाटी तिरकी केली तर दही कडेपासून अलगद सुटलं आणि जागचं हललं नाही. चमचा घातला तिथे हिरवट-पिवळं निवळ पाणी साचलं. दुसरीत दूधच होतं, तळाला चार पांढरे दाणे. तिसरीतही दूध. शाळेतल्या सामू-पट्ट्या बुडवल्या, तर पहिलीचा सामू साडेचारच्या आसपास आणि उरलेल्या दोन्हींचा साडेसहाजवळ. उकळल्यानं आम्ल कुठे गेलं नव्हतं, मेले होते ते जिवाणू. मुलांना आता मी हा प्रयोग घरी करायला सांगते. खर्च वाटीभर दुधाचा.

दह्याच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटींच्या घरात जिवाणू असतात. आपल्या घरच्या दह्यात मुख्यतः लॅक्टोकॉकस लॅक्टिस, उबदार जागी स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलसच्या जाती. पाच ग्रॅममधले पन्नास कोटी अर्ध्या लिटरात पसरले की दर मिलिलिटरला दहा लाख पडतात. कोमट दुधात ते साधारण तासाला दुप्पट होतात असं धरा. सात वेळा दुप्पट म्हणजे १२८ पट. सात-आठ तासांत दही का लागतं, ते या गुणाकारात आहे. आंबण्याचं हे काम सजीवांचं असतं हे लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये मांडलं, आणि १८७०च्या दशकात जोसेफ लिस्टर यांनी आंबलेल्या दुधातून एकाच जातीचा जिवाणू वेगळा वाढवून दाखवला.

पण जिवाणू आम्ल करतात तरी कशाला? आपल्याला दही मिळावं म्हणून नव्हे, त्यांना ऊर्जा हवी म्हणून. दुधातला लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. पेशीत शिरल्यावर विकरं ही जोडी तोडतात. ग्लुकोजचे दोन तुकडे होऊन दोन पायरुविक आम्लं बनतात आणि पदरात दोन एटीपी पडतात. हे ग्लुकोज-विघटन तुम्हाला पुस्तकात आहेच. यात निघालेला हायड्रोजन एनएडी नावाचा रेणू उचलून नेतो. अडचण इथे येते. कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या झाल्या नाहीत तर त्या पुढच्या खेपेला फडावर जाऊ शकत नाहीत, तसंच भरलेला एनएडी रिकामा झाला नाही तर पुढचं ग्लुकोज फोडता येत नाही. मग जिवाणू तो हायड्रोजन पायरुविक आम्लावरच उतरवतो. त्याचं होतं लॅक्टिक आम्ल, ते पेशीबाहेर टाकलं जातं, आणि मोकळा एनएडी परत कामाला लागतो. जोरात धावल्यावर तुमच्या पोटऱ्यांच्या स्नायूंत हीच पायरी घडते. लॅक्टोजचे दोन्ही भाग वापरले गेले तर सगळा हिशेब असा:

```
C12H22O11 + H2O → 4 C3H6O3
```

आता लिंबाकडे. इथे संदेशातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करायला हवं: दूध घट्ट करण्याचं शेवटचं काम आम्लच करतं. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ऐंशी टक्के केसीन असतं, आणि ते सुटंसुटं नसून गोळ्यांच्या रूपात तरंगतं. या गोळ्यांना मिसेल म्हणतात. प्रत्येक मिसेलच्या अंगावर केसाळ थर आणि ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात आणि दूध पातळ राहतं. आम्ल वाढलं की ऋण प्रभार मिटत जातो, मिसेलला आतून बांधून ठेवणारं कॅल्शियम फॉस्फेट विरघळून बाहेर येतं, आणि सामू ४.६ कडे येईपर्यंत ढकलाढकल संपते. मिसेल एकमेकांना चिकटतात.

फरक कसे चिकटतात यात आहे. उकळत्या दुधात लिंबू पिळून आपण ढवळतो, तेव्हा सगळं आम्ल एका क्षणात येतं. दूध गरम, वर चमचा फिरतोय. मिसेल मिळेल त्याला धरतात, गच्च गोळे होतात आणि पाणी बाहेर फेकलं जातं. हाती येतं ते पनीर. विरजणातले जिवाणू तेच आम्ल सात-आठ तास थेंबाथेंबानं सोडतात आणि वाटी हलत नाही. मिसेलना एकामागे एक लागून साखळ्या करायला, साखळ्यांची जाळी विणायला सवड मिळते. त्या जाळीत दुधाचं जवळजवळ सगळं पाणी अडकून राहतं. तेच कवडी दही. अर्धवट लागलेलं दही हलवलं की पाणी सुटतं, कारण विणत आलेली जाळी तुटते. दूध आधी चांगलं तापवण्याचंही एक कारण याच जाळीत आहे. तापवल्यावर निवळीतली प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात, जाळी दाट होते आणि दही घट्ट लागतं. शिवाय दुधातले बाकीचे बरेचसे जिवाणू मरतात, त्यामुळे विरजणाला रान मोकळं मिळतं.

दूध नासणं म्हणजे हे नव्हे. तापवण्यातूनही काही जिवाणूंचे बीजाणू वाचतात. ते पुढे वाढले की लॅक्टोजपेक्षा प्रथिनांवर तुटून पडतात, मग दूध कडवट होतं, घाण वास येतो. दह्यात बुडबुड्यांची भोकं पडली असतील, तर वायू करणारे नको ते पाहुणे शिरलेत. ते विरजण पुढे वापरू नका.

साखर उरत नाही म्हणता? अर्ध्या लिटर दुधात चोवीसेक ग्रॅम लॅक्टोज असतो. तीन ग्रॅम आम्ल करायला तीन ग्रॅम लॅक्टोज पुरतो. काही जिवाणू ग्लुकोज वापरून गॅलॅक्टोज तसंच बाहेर टाकतात, त्यांना सहा ग्रॅम फोडावा लागेल. तरीही तीन चतुर्थांश किंवा जास्तच शिल्लक राहतो. जिवाणू थांबतात ते साखर संपली म्हणून नाही. स्वतःच केलेलं आम्ल त्यांना सोसेनासं होतं म्हणून.

राहिला पावडरचा मुद्दा, ज्यानं आमच्या गवळ्याचं नुकसान केलं. पावडरच्या दुधात लॅक्टोज आहे, केसीन आहे, त्याचं दही उत्तम लागतं. घट्टपणा यावा म्हणून दह्याच्या उद्योगात दुधात पावडर मिसळतातही. तेव्हा न लागलेल्या दह्यावरून पावडर ओळखताच येत नाही.

दही न लागण्याची खरी कारणं वेगळी आहेत. पहिलं थंडी: पंधरा अंशांच्या स्वयंपाकघरात जिवाणूंचं दुप्पट होणं फार मंदावतं. दुसरं घाई: वाफाळत्या दुधात विरजण घातलं की माझ्या दुसऱ्या वाटीसारखं होतं. तिसरं कारण खरंच दुधातलं असतं. जनावराला दगडी झाली, कासेत पेनिसिलिनसारखं औषध सोडलं आणि सांगितलेले दिवस दूध बाजूला काढलं नाही, तर तो अंश विरजणातल्या जिवाणूंनाही मारतो. दूध आंबू नये म्हणून सोडा घातला असेल तरी दही उशिरा लागतं, कारण तयार होणारं आम्ल तो खात राहतो.

यातलं कोणतं, हे ठरवायला दोन वाट्या पुरतात. संशय असलेलं दूध एकीत, दुसऱ्या घरचं दूध दुसरीत. दोन्ही सारखी कोमट, विरजण एकाच भांड्यातलं, दोन्ही एकाच डब्यात. दोन्ही लागल्या नाहीत तर विरजण मेलंय किंवा ऊब कमी पडली. दोन्ही लागल्या तर दूध चांगलं आहे. एकच अडली आणि पुन्हा लावल्यावरही अडली, तर मात्र त्या दुधाबद्दल विचारायला जा.

रतीब तोडलेल्या दोन घरांपैकी एका घरची मुलगी माझ्या वर्गात आहे. तिनं आईसमोर या दोन वाट्या लावल्या, एकीत गवळ्याचं दूध, दुसरीत पिशवीचं. ओट्यावर ठेवलेल्या नव्हे, घोंगडीत गुंडाळून. सकाळी सातला दोन्ही घट्ट होत्या. त्यांच्या ओट्यावरची खिडकी रात्रभर उघडी असायची.