मशीन बंद होतं

मी इंग्रजीत केलेला अपघाताचा अहवाल तिसऱ्यांदा परत आला. सोबत मुख्य कार्यालयाचा एका ओळीचा शेरा: ‘कृपया इंग्रजी सुधारावे.’

मूळ मराठी कागद पुन्हा काढला. शिफ्ट सुपरवायझरांच्या हातचा, सगळा मिळून एकच वाक्य: ‘कन्व्हेयरवर बॉक्स अडकल्याने मशीन बंद असताना सदर कामगार बघण्यास गेला असता हात सापडून बोटास मार लागला, उपचार केले, योग्य ती समज दिली.’

या वाक्यात सगळं आहे, फक्त काय झालं ते नाही. मी इमानदारीत ‘द मशीन वॉज ऑफ’ लिहिलं होतं. तिकडच्यांचा प्रश्न: ऑफ होतं तर बोट चेपलं कसं? प्रश्न रास्त होता, म्हणून जास्तच चीड आली. सुपरवायझरांना फोन लावला.

‘साहेब, मशीन बंद म्हणजे कसं बंद?’

‘बंद म्हणजे बंद, मॅडम. चालू नव्हतं.’

‘बटण कोणी दाबलं होतं?’

‘कोणी नाही.’

‘मग मेन स्विच पाडला होता?’

‘एका बॉक्ससाठी मेन स्विच?’

‘मग थांबलं कसं?’

‘आपोआप. डोळ्यासमोर बॉक्स अडकला की थांबतं ते.’

‘कुणाच्या डोळ्यासमोर?’

‘मशीनच्या!’

‘आणि बॉक्स काढला की?’

‘लगेच चालू. एकदम हुशार मशीन आहे.’

‘तेव्हा त्याचं बोट कुठे होतं?’

बराच वेळ नुसती खरखर. मग, ‘मॅडम, तुम्ही इंग्रजी करताय की पंचनामा?’

पंचनामाच. मराठीत बटणाने थांबवलेलं मशीन बंद, सेन्सरने थांबवलेलं बंद, वीज तोडलेलं बंद आणि सहा महिने धूळ खात पडलेलंही बंद. नवराबायकोतलं बोलणंसुद्धा बंदच असतं, आणि तेही कधी अचानक चालू होईल याचा भरवसा नसतो. अपघाताच्या फॉर्मला हा मोघमपणा चालत नाही. इथे सेन्सरने फक्त मोटर थांबवली होती. वीज होती तशीच होती. बॉक्स निघाला, सेन्सरची वाट मोकळी झाली आणि पट्टा चालू झाला. बोट पट्टा आणि रोलर यांच्या मधे. अडकलेला माल काढायचा तर आधी मेन आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मेन स्विच, पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप आणि टॅग लावायचा, मग स्टार्टचं बटण दाबून खरंच मेलंय का ते बघायचं, आणि त्यानंतर हात घालायचा. यातलं काहीच झालं नव्हतं. म्हणून ‘ऑफ’ खोडून ‘स्टॉप्ड, बट नॉट आयसोलेटेड’ लिहिलं. एवढ्या चार शब्दांनी दोष कामगाराच्या बोटावरून उठून कुलपाच्या रिकाम्या खुंटीवर जाऊन बसला. सुपरवायझरांना ते आवडलं नाही.

‘हात सापडला’ हा दुसरा खड्डा. त्याचं ‘त्याने हात घातला’ असं इंग्रजी केलं की सगळा दोष त्याच्याच माथी. आपल्या वाक्यात हात आपला आपण सापडतो, कुणी काही करत नाही. ते तसंच ठेवायचं: बोट अमुक ठिकाणी चेपलं गेलं. आणि ‘हात’ म्हणजे खांद्यापासून नखापर्यंत काहीही, तेव्हा कोणता हात, कोणतं बोट हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. (उजवा, मधलं. ‘मधलं म्हणजे करंगळीच्या बाजूचं की मधलंच?’ ‘मधलंच मधलं, मॅडम.’)

मग ‘उपचार केले’. मुख्य कार्यालय अमेरिकन, त्यामुळे रकाने ओशा या तिकडच्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या व्याख्येचे. त्यात जखम धुणं, पट्टी बांधणं, धनुर्वाताचं इंजेक्शन हे सगळं प्रथमोपचार. टाके पडले की मात्र वैद्यकीय उपचार, आणि अपघात थेट नोंदीत. नुसतं ‘इंजेक्शन दिलं’ लिहून भागत नाही, कशाचं ते विचारावं लागतं. इथे तीन टाके होते. वाक्यात एकही नव्हता. तीन टाके लपवणारी दोन शब्दांची मराठी भाषा मला अभिमानास्पद वाटावी की भीतीदायक, ते ठरत नाही. आणि एवढं खणून काढल्यावर फॉर्मवर भाषांतर करणाऱ्याच्या नावाला रकानाच नाही. इंग्रजी सुधारा म्हणे.

चौथ्यांदा पाठवला. काल मंजूर होऊन आला. फक्त एक शंका होती. ‘योग्य ती समज दिली’ याचं पहिल्या खेपेला, घाईत, मी ‘वॉज गिव्हन प्रॉपर अंडरस्टँडिंग’ केलं होतं, ते चारही मसुद्यांत तसंच राहिलं. तिकडे त्यांनी ते प्रशिक्षणाच्या रकान्यात घातलं, कौतुक केलं आणि विचारलं: प्रशिक्षणाचा कालावधी किती?

सुपरवायझरांना पुन्हा फोन.

‘दोन मिनिटं,’ ते म्हणाले. ‘पण अख्ख्या शेडला ऐकू गेलं.’