आवाहन आधी त्यांना वाचून दाखवा

मित्र अचानक गेला. घरात कमावणारा तो एकटाच. चौथ्या दिवशी मी मदतीचं आवाहन लिहायला बसलो आणि पहिलंच वाक्य लिहिलं, "एक हसतं-खेळतं कुटुंब उघड्यावर पडलं आहे." ग्रुपवर टाकण्याआधी वहिनींना वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, आम्ही उघड्यावर नाही पडलो. मला नोकरी लागेपर्यंत भाड्याचं आणि मुलांच्या फीचं जमणार नाही, एवढंच आहे."

खरं आवाहन तेच होतं. मी माझा कागद फाडला आणि त्यांच्याच शब्दांत लिहिलं: "त्यांच्या पत्नी नोकरी शोधत आहेत. त्याला सहा महिने लागतील असं धरलं आहे. या सहा महिन्यांचं घरभाडं आणि दोन्ही मुलांची या वर्षाची फी, एवढ्यासाठी मदत हवी आहे." खाली एकूण रकमेचा आकडा. "यथाशक्ती मदत करा" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला गरज किती, भागली किती, काहीच कळत नाही. आणि घेणाऱ्यालाही कुठे थांबायचं ते कळत नाही.

आजाराचा तपशील मजकुरातून काढून टाकला. दवाखान्यातला फोटो काढून टाकला. मुलांची नावं आणि शाळाही काढली. असे मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतात, आणि ती मुलं मोठी झाल्यावर कधीतरी ते वाचणारच आहेत.

खात्याच्या बाबतीत मी मोठी चूक करणार होतो. मित्राचाच खाते क्रमांक माझ्याकडे होता, तोच टाकला होता. पण खातेदार गेल्याचं बँकेला कळलं की त्या एकट्याच्या नावावरच्या खात्याचे व्यवहार थांबतात आणि नॉमिनीची किंवा वारसांची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत पैसे अडकून पडतात. कुणीतरी सुचवलं, तुझ्याच खात्यावर घे. मला ते पटलं नाही. प्रत्येक खर्चासाठी वहिनींनी माझ्याकडे का मागायचं? शेवटी त्यांचं स्वतःचं खातं दिलं, नाव पासबुकावर आहे अगदी तसंच. आधी मी एक छोटी रक्कम पाठवली, ती जमा झाल्याचं त्यांनी पाहिलं, मगच मेसेज पुढे गेला. चौकशीसाठी नंबर मात्र माझा दिला. त्या दिवसांत त्यांना अनोळखी फोन नको होते.

मजकुरातच लिहिलं की हे आवाहन अमुक तारखेपर्यंतच आहे आणि जास्त जमलं तर ते मुलांच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी राहील. हे वाक्यही वहिनींना विचारूनच घातलं.

रक्कम एकोणिसाव्या दिवशी पूर्ण झाली. "आता पाठवू नका" असं लगेच सगळीकडे कळवलं. तरी दोन महिन्यांनी तोच मेसेज भलत्याच ग्रुपवरून माझ्याकडे फिरून आला. खाली कुणीतरी विचारलं होतं, "अजून मदत हवी आहे का?" आणि दुसऱ्याने उत्तर दिलं होतं, "नाही, तारीख बघा, मुदत संपली आहे."